खबरदारीच्या रकान्यात कारण हवं

जानेवारी सरत आला की जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथल्या झेरॉक्सच्या दुकानांत बारावी विज्ञानाची मुलं दिसू लागतात. प्रत्येकाच्या हातात दोन-तीन पानांचा एक कागद असतो. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेची ही तयारी. सत्तर गुणांची लेखी परीक्षा पुढे असते. त्याआधी हे तीस गुण पदरात पाडून घ्यायचे असतात, आणि त्यांचा आधार म्हणजे हा कागद. त्याची रचना ठरलेली असते. आधी कृती, मग खबरदारी, मग निरीक्षण, आणि शेवटी तोंडी परीक्षेत विचारले जाणारे प्रश्न व त्यांची एका ओळीची उत्तरं.

या कागदाला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. प्रयोगशाळेत वर्षभरात ज्या मुलाच्या हाती ब्युरेट मोजक्याच वेळा येतं, त्याला असा कागद लागतोच. माझी तक्रार त्याच्या मांडणीबद्दल आहे. कृती, खबरदारी, निरीक्षण आणि व्हायवा हे चार वेगळे धडे असल्यासारखे छापले जातात. मुलगा ते चार वेगळे धडे म्हणून पाठ करतो आणि चारही त्याच्या हातून निसटतात. वास्तविक खबरदारी म्हणजे कृतीतल्या एखाद्या पायरीचं कारण. ती चुकली तर काय दिसेल, ते निरीक्षण. आणि ते तसं का दिसलं, हाच व्हायवाचा प्रश्न. चारही रकाने एकाच गोष्टीचे आहेत, आणि कागदावर ते एकाच ओळीत आले पाहिजेत.

एक प्रयोग घेऊन हे नीट पाहू. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचं अनुमापन. विहिरीत टाकायची जांभळी पावडर म्हणून परमँगनेट आपल्याकडच्या बहुतेक घरांना ठाऊक आहे. प्रयोगात त्याच्या द्रावणाची मोलॅरिटी काढायची असते. ऑक्झॅलिक आम्लाचं ०.०५ मोलर द्रावण आपण स्वतः तयार करतो. त्याच्या स्फटिकांचा रेणूभार १२६, म्हणून २५० मिलिलिटरसाठी १.५७५ ग्रॅम. त्यातलं १० मिलिलिटर पिपेटने कोनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, टेस्ट ट्यूबभर विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचं, ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं आणि ब्युरेटमधून परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचं. फिकट गुलाबी रंग टिकला की अंत्यबिंदू आला. अभिक्रिया अशी:

2KMnO4 + 5H2C2O4 + 3H2SO4 → K2SO4 + 2MnSO4 + 8H2O + 10CO2

आता झेरॉक्सवरची खबरदारी पाहा. 'ब्युरेट परमँगनेटने विसळावं. पिपेट ऑक्झॅलिक आम्लाने विसळावी. कोनिकल फ्लास्क फक्त पाण्याने धुवावा.' तीन भांडी आणि तीन आज्ञा. परीक्षेच्या सकाळी घाबरलेला मुलगा यांतल्या दोन उलटसुलट करतो. सगळं स्वच्छ हवं, एवढंच त्याच्या मनात राहिलेलं असतं. फ्लास्कही ऑक्झॅलिक आम्लाने विसळला तर तो आणखी स्वच्छ होईल, असं त्याला वाटतं.

त्याऐवजी कागदाने त्याला काय सांगायला हवं? ब्युरेटमध्ये पाणी राहिलं तर परमँगनेट पातळ होतं. समजा, आतल्या भिंतींना मिलिलिटरभर पाणी चिकटलेलं आहे आणि वर ५० मिलिलिटर द्रावण भरलं. द्रावण साधारण दोन टक्क्यांनी पातळ झालं, आणि १०.२ यायचं रीडिंग १०.४ येईल. पिपेटमध्ये पाणी राहिलं तर ऑक्झॅलिक आम्ल पातळ होतं आणि रीडिंग कमी येतं. फ्लास्कचं मात्र वेगळं आहे. पिपेटने मोजून टाकलेलं आम्ल तेवढंच असतं. त्यात पाणी कितीही मिसळलं तरी आम्लाचा एक कणही वाढत नाही की घटत नाही. पण फ्लास्क आम्लाने विसळला आणि अर्धा मिलिलिटर तळाशी राहिला, तर मोजलेल्या दहाऐवजी साडेदहा मिलिलिटर आम्लाला परमँगनेट पुरवावं लागतं, आणि रीडिंग १०.७ च्या घरात जातं. तीन आज्ञांमागे प्रश्न एकच आहे: या भांड्यात मोजलेलं प्रमाण बदलतंय का? हा प्रश्न कळलेल्या मुलाला तीन आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत. शिवाय बाहेरून आलेल्या परीक्षकांनी 'फ्लास्कमध्ये पाणी राहिलं तर चालेल का?' असं विचारलं, तर 'चालेल, कारण...' असं वाक्य त्याच्या तोंडून आपसूक निघतं. व्हायवाचा वेगळा रकाना इथेच अनावश्यक ठरतो.

तापवण्याची पायरी जुन्नर-आंबेगावच्या मुलांसाठी वेगळी लिहावी लागेल. हे प्रात्यक्षिक थंडीत होतं, आणि इथली थंडी पहाटेबरोबर संपत नाही. बहुतेक कागदांवर लिहिलेलं असतं, 'वाफ दिसू लागेपर्यंत तापवा.' पण थंड हवेत वाफ लवकर दिसते. द्रावण चाळीस-पंचेचाळीस अंशांवर असतानाच फ्लास्कच्या तोंडाशी ती तरळू लागते, आणि मुलगा बर्नर बंद करतो. उन्हाळ्यात बऱ्यापैकी चालणारी ही खूण फेब्रुवारीच्या सकाळी फसवी ठरते. थर्मामीटर वापरणं हाच सरळ उपाय. तो बाहेर काढताना त्याच्या टोकावरचं द्रावण थोड्या डिस्टिल्ड वॉटरने फ्लास्कमध्येच धुऊन घ्यायचं, नाहीतर तेवढं आम्ल थर्मामीटरबरोबर बाहेर जातं.

द्रावण पुरेसं गरम नसलं तर अभिक्रिया रेंगाळते. गुलाबी रंग टाकल्या टाकल्या जात नाही, आणि मुलाला तो अंत्यबिंदू वाटतो. त्याला भर घालणारी एक सवय प्रयोगशाळेत फार पाहायला मिळते. वेळ वाचावा म्हणून तीन फ्लास्क एकदम तापवून ठेवायचे आणि मग एकामागून एक अनुमापन करायचं. पहिला गरम असतो, तिसऱ्याची पाळी येईपर्यंत तो हाताला कोमट लागतो. मुलाला रीडिंग घसरलेलं दिसतं, पण कारण कळत नाही. कागदावर एवढंच लिहिलं तरी पुरे: एका वेळी एकच फ्लास्क तापवा. अनुमापन चालू असताना रंग रेंगाळू लागला तर थांबा, पुन्हा थोडं तापवा.

पण रंग रेंगाळण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते चुकीचं नाही. तापमान अगदी बरोबर असलं तरी पहिले एक-दोन थेंब काही सेकंद गुलाबी राहतातच. पुढे मात्र थेंब पडताच रंग नाहीसा होऊ लागतो. या अभिक्रियेत मँगनीजचे जे आयन तयार होतात तेच तिला वेग देतात. सुरुवातीला ते नसतात म्हणून ती सावकाश चालते. हे ज्याला ठाऊक नाही, तो पहिल्याच थेंबाला दचकतो. काही मुलं ब्युरेट बंद करून अर्ध्या मिलिलिटरला 'झालं' असं सांगायला येतात. काही उलट करतात. रंग जात नाही म्हणून घाबरून भराभर परमँगनेट सोडतात. या वेगळ्या वर्तनाबद्दल छापील कागदावर शब्द नसतो, आणि प्रयोगातली खरी पाहण्यासारखी गोष्ट मात्र तीच आहे. दुसऱ्या टोकाला, द्रावण उकळवून ठेवलं तर ऑक्झॅलिक आम्लाचंच विघटन होतं. मग परमँगनेट कमी लागतं आणि मोलॅरिटी जास्त निघते. ६० ते ७० ही मर्यादा दोन्ही बाजूंनी का आहे, ते आता आपोआप कळतं.

आणि तपकिरी रंग. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं, किंवा परमँगनेट एकदम धारेने सोडलं, तर फ्लास्कमध्ये गुलाबीऐवजी तपकिरी गढूळपणा येतो. तो मँगनीज डायऑक्साइड. पुरेशा आम्लात परमँगनेटचा एक रेणू पाच इलेक्ट्रॉन घेतो. इथे तो तीनच घेऊन थांबतो. तेवढ्याच ऑक्झॅलिक आम्लासाठी मग जास्त परमँगनेट खर्ची पडतं, रीडिंग वाढतं. मुलं हा तपकिरीपणा काच धुतली नव्हती म्हणून आला असं समजतात आणि तेच रीडिंग लिहून मोकळी होतात. तपकिरी दिसलं की ते रीडिंग सोडून द्यायचं आणि नवा फ्लास्क घ्यायचा, हे कागदावर ठळक अक्षरांत असायला हवं. सल्फ्युरिकच का, हाही प्रश्न इथेच सुटतो. हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होतं आणि रीडिंग वाढतं. नायट्रिक घेतलं तर ते स्वतःच ऑक्सिडीकारक, म्हणून रीडिंग उलट कमी येतं.

आता ज्या रकान्याबद्दल माझं मत सर्वांत कडक आहे, तो निरीक्षणांचा. अनेक कागदांवर तो आधीच भरलेला असतो. तीन रीडिंग, १०.०, १०.० आणि १०.०, आणि त्याखाली स्थिर रीडिंग म्हणजे सीबीआर १०.०. मुलं ते उतरवतात, अनेकदा ब्युरेट हातात घेण्याआधी. मुलांना खोटं लिहायचं असतं असं नाही. छापलेलं उत्तर हेच बरोबर उत्तर, असं त्यांना वाटतं. पण ब्युरेटची सर्वांत लहान खूण ०.१ मिलिलिटरची असते आणि एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. आधी पायलट रीडिंगमध्ये १० ते ११ असा पल्ला मिळतो, मग १०.३, १०.२, १०.२ असं काही येतं. तीन वेळा नेमकं १०.० येणं अशक्य नाही, पण वर्गातल्या प्रत्येक मुलाला तसंच यावं, हे नक्कीच अशक्य आहे. परीक्षकांना हे माहीत असतं.

आकडे घालून पाहू. सीबीआर १०.२ असेल तर दोन आणि पाच या गुणोत्तराप्रमाणे परमँगनेटची मोलॅरिटी ०.२ भागिले १०.२, म्हणजे ०.०१९६. रेणूभार १५८ धरला तर लिटरमागे ३.१० ग्रॅम. झेरॉक्सवरच्या १०.० ने उत्तर येतं ०.०२०० आणि ३.१६ ग्रॅम. फरक दोन टक्क्यांचा. हा फरक दाखवायला घाबरण्याचं कारण नाही. प्रयोगशाळेत ठेवलेलं परमँगनेटचं द्रावण नेमकं ०.०२ असतं असं कोण म्हणतं? ते प्रकाशात आणि पाण्यातल्या सेंद्रिय अंशांनी हळूहळू विघटित होतं. म्हणून तर ते मोजायचं असतं. नेमकं माहीत असतं तर प्रयोगच करायला नको होता. कागदावर निरीक्षणाचा रकाना कोरा हवा. त्याच्या शेजारी दोन ओळी असाव्यात: दोन रीडिंगांत ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर तिसरं घ्या, आणि आलेला आकडा जसाच्या तसा लिहा.

रीडिंग घेण्याबद्दलची एक खबरदारी मात्र सगळेच कागद अर्धवट सांगतात. 'परमँगनेट गडद असल्यामुळे वरचा मेनिस्कस वाचावा.' बरोबर आहे. पण का, याच्या जोडीला हेही लिहावं की सुरुवातीचं आणि शेवटचं, दोन्ही रीडिंग एकाच कडेवरून घ्यायचं असतं. दोन्ही वेळा वरची कड वाचली तर वजाबाकीत चूक उडून जाते. सुरुवातीला खालची आणि शेवटी वरची वाचली तर ती चूक प्रत्येक रीडिंगमध्ये राहते, आणि सारखीच राहते. तीनही रीडिंग जुळतात, मुलगा खूश होतो, आणि उत्तर चुकलेलं असतं. जुळणारी रीडिंग म्हणजे बरोबर रीडिंग नव्हे, हे या प्रयोगाइतक्या स्वस्तात दुसरीकडे क्वचितच शिकायला मिळेल.

या पट्ट्यात कारणासकट खबरदारी लिहिण्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. नारायणगाव परिसरातल्या द्राक्षबागायतदाराला बोर्डो मिश्रण करताना पाहा. १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचे. लोखंडी भांडं घ्यायचं नाही, कारण मोरचूदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि भांडं खराब होतं. मग मिश्रणात विळ्याचं स्वच्छ पातं थोडा वेळ बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर अजून मोकळं तांबं शिल्लक आहे, ते कोवळी पानं जाळेल. मग चुना वाढवायचा. थर चढला नाही तर फवारणीला हरकत नाही. या शेतकऱ्याच्या डोक्यात कृती, खबरदारी, खूण आणि उपाय वेगळे नाहीत. चूक कशी ओळखायची आणि ओळखल्यावर काय करायचं, हे त्याला एकदम आठवतं, कारण चुकलं तर बाग जाते. त्याच्याच घरातल्या मुलीला कॉलेजात तांब्याच्या आयनाची चाचणी पाठ करावी लागते, आणि लोखंडावर तांबं बसण्याची अभिक्रिया वडिलांच्या विळ्यावर रोज घडते, हे तिला कोणी सांगत नाही.

माझ्या या मागणीवर वर्गात शिकवणाऱ्यांचा आक्षेप मी ऐकत आलो आहे, आणि तो टाकाऊ नाही. बॅच मोठी, वेळ थोडा. जुन्नरच्या पश्चिमेकडून किंवा आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातून एसटीने येणारा आदिवासी मुलगा सकाळची पहिली गाडी चुकली तर प्रात्यक्षिकालाही पोहोचत नाही. त्याला निदान पास व्हायचं आहे. त्याच्या हाती पाठ करण्याजोगा छोटा कागद द्या, कारणं नंतर पाहू. या बोलण्यात मुलाबद्दलची काळजी आहे, हे मला मान्य आहे. पण हिशेब चुकतो. पाठ केलेल्या तीस सुट्या आज्ञा घाबरल्यावर उलटसुलट होतात. सहा कारणं माहीत असली तर त्या आज्ञा त्यांतून पुन्हा काढता येतात. ज्याला वेळ कमी आहे, त्यालाच कारण जास्त परवडतं.

आणि भाषेचा प्रश्न. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावी विज्ञानात येताच इंग्रजी पुस्तकाला सामोरा जातो. त्याच्या हातातल्या झेरॉक्सवरची खबरदारी त्याने अर्थ न लावता पाठ केलेली असते. पेपरात इंग्रजी वाक्य लिहावं लागेल, हे ठीक. पण कारणाची ओळ कागदावर मराठीतच असू द्या. 'फ्लास्कमध्ये पाणी राहिलं तरी आम्ल तेवढंच राहतं,' हे एकदा मराठीत कळलं की इंग्रजी वाक्य त्याला स्वतः बनवता येतं. ते आधी इंग्रजीत पाठ केलं की तो दोन्ही भाषांत अडखळतो.

कारणावर आधारलेला कागद किती उपयोगी पडतो, याची परीक्षा दुसऱ्या प्रयोगात होते. अभ्यासक्रमात परमँगनेटचं दुसरं अनुमापन मोहर सॉल्टबरोबर, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेटबरोबर असतं. तिथे तापवायचं नसतं. पहिल्या प्रयोगाची 'तापवा' ही आज्ञा पाठ केलेली मुलं इथेही फ्लास्क बर्नरवर ठेवतात. दोन्ही कागद वेगळे पाठ केले तरी घोळ होतोच, कारण दोन्हीकडे परमँगनेट, सल्फ्युरिक आणि गुलाबी रंग सारखेच. ऑक्झॅलिक आम्लाची अभिक्रिया थंडीत हळू चालते म्हणून आपण उष्णता देतो. फेरस आयनाची अभिक्रिया तापवल्याशिवायच झटपट होते, आणि तापवलं तर हवेतल्या ऑक्सिजनने फेरसचं फेरिक होतं, म्हणजे परमँगनेटने करायचं काम हवा करून टाकते आणि रीडिंग कमी येतं. हे ज्याला कळलं त्याचा गोंधळ एका वाक्यात मिटतो. 'एकात तापवता, दुसऱ्यात का नाही?' हा व्हायवाचा ठरलेला प्रश्न आहे.

क्षार ओळखण्याच्या प्रात्यक्षिकातही हीच गोष्ट. क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेटची चाचणी करताना कागद सांगतो, 'डिस्टिल्ड वॉटर वापरा.' बेसॉल्टच्या खडकातून आलेल्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतंच. त्या पाण्याने धुतलेल्या टेस्ट ट्यूबमध्ये क्षार नसतानाही पांढुरका गढूळपणा येऊ शकतो, आणि मुलगा नायट्रेटला क्लोराइड ठरवून बसतो. इथे कागदाने एक पायरी वाढवावी: आधी फक्त पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. गढूळ झालं तर पाणी बदला. क्षाराची चाचणी त्यानंतर. या कोऱ्या चाचणीला मिनिटभरही लागत नाही. शंका आली तर पाणी तपासायचं, हे एकदा हातात बसलं की सल्फेटसाठीच्या बेरियम क्लोराइडच्या चाचणीतही मुलगा तेच करेल, न सांगता.

तेव्हा कागद कसा हवा, हे आता सांगता येतं. प्रत्येक पायरीच्या पुढे तीन गोष्टी असाव्यात. पायरी चुकली तर फ्लास्कमध्ये किंवा ब्युरेटवर काय दिसेल, रीडिंग वाढेल की घटेल, आणि दिसल्यावर काय करायचं. निरीक्षणाचा रकाना कोरा. व्हायवाचा रकाना नाही. त्याऐवजी पानाच्या तळाशी दोन-तीन प्रश्न, उत्तराशिवाय. उदाहरणार्थ, अंत्यबिंदूनंतर फ्लास्क काही मिनिटं तसाच ठेवला तर गुलाबी रंग मावळतो. मग अंत्यबिंदू चुकला का? परमँगनेटसाठी रबरी नळीचं ब्युरेट का चालत नाही? ब्युरेटवर फनेल तशीच राहिली आणि तिच्यातून एक थेंब आत पडला, तर रीडिंग वाढेल की घटेल? ही उत्तरं वर्गात, ब्युरेटसमोर उभं राहून, मुलांनी एकमेकांना द्यावीत. ती चुकली तर शिक्षकांनी फनेल लावून एक थेंब पाडून दाखवावा आणि मेनिस्कस कुठे सरकला ते पाहायला सांगावं.